क्षेत्र बदलतानाचं कव्हर लेटर पटण्यासारखं आहे की छापील, हे कसं तपासायचं

त्याच क्षेत्रात नोकरी बदलणाऱ्याचं कव्हर लेटर थोडं छापील असलं तरी निभावून जातं, कारण सीव्हीवरची पदं आणि वर्षं त्याच्या बाजूने बोलत असतात. क्षेत्र बदलणाऱ्याचा सीव्ही वाचणाऱ्याला उलट कोड्यात टाकतो. ही व्यक्ती इकडे कशी वळली? इथलं काम तिला जमेल हे कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला पत्राशिवाय जागा नसते, आणि पत्रातलं प्रत्येक गुळगुळीत वाक्य ती जागा खातं.

आपलं किंवा ओळखीच्या कोणाचं पत्र वाचून ‘चांगलं वाटतंय’ एवढ्यावर थांबू नये. पत्र तपासता येतं. कसं, ते एका उदाहरणावर पाहू. जीएनएम झालेली, शंभर खाटांच्या रुग्णालयात सहा वर्षं मेडिकल वॉर्डात असलेली एक स्टाफ नर्स पुण्यातल्या एका टीपीएमध्ये क्लेम तपासणीच्या जागेसाठी अर्ज करते आहे. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने आरोग्य विम्याचे दावे हाताळणारी संस्था. उदाहरण रचलेलं आहे. असं पत्र प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीत जाईल, इथे ते मराठीत दिलं आहे.

आधी जाहिरात फोडा

पत्र तपासण्याआधी ज्या कामासाठी ते लिहिलंय ते काम समजलेलं असायला हवं. जाहिरातीत ‘वैद्यकीय ज्ञान, बारकाईने काम करण्याची सवय, उत्तम संवादकौशल्य, वेळेत काम पूर्ण करण्याची क्षमता’ असं लिहिलेलं असतं. यातून काम कळत नाही. त्या टेबलावर बसणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताने काय करतो, ते तीन-चार क्रियापदांत लिहून काढा.

क्लेम तपासणीत ते साधारण असं निघतं. फाईल उघडायची आणि इनडोअर केस पेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, बिलं आहेत का ते पाहायचं. आजार आणि दिलेले उपचार जुळतात का, भरती होण्याची गरज खरोखर होती का, हे नोंदींवरून ठरवायचं. बिल आणि उपचार यांचा मेळ घालायचा. काही कमी असेल तर रुग्णालयाला नेमकी क्वेरी पाठवायची. हे सगळं घड्याळ लावून, कारण विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कॅशलेस विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो.

ही माहिती मिळवायला आतली ओळख लागत नाही. त्याच पदाच्या दुसऱ्या कंपन्यांच्या पाच-सहा जाहिराती शेजारी ठेवून वाचल्या की खरी कामं वर येतात. पॉलिसी वर्डिंग, म्हणजे पॉलिसीच्या अटींचा पूर्ण मजकूर, विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर असतं. नर्सच्या बाबतीत तर तिच्याच रुग्णालयात विमा डेस्क असतो, आणि रोज कोणत्या क्वेरी येतात हे तिथला माणूस अर्ध्या तासात सांगू शकतो. हा कागद तयार नसेल तर पत्राबद्दलचं कोणतंही मत निव्वळ भाषेबद्दलचं मत होईल.

पहिला मसुदा

आता हे पत्र वाचा.

> आपल्या नामांकित संस्थेतील क्लेम्स विभागातील पदासाठी मी अत्यंत उत्सुकतेने अर्ज करत आहे. नर्सिंग क्षेत्रातील सहा वर्षांच्या समृद्ध अनुभवातून मला उत्कृष्ट संवादकौशल्य, संघभावना, वेळेचं व्यवस्थापन आणि बारकाईने काम करण्याची सवय लागली आहे. ही सर्व कौशल्यं विमा क्षेत्रातही तितकीच उपयुक्त ठरतील असा मला विश्वास आहे. आरोग्य विमा हे झपाट्याने वाढणारं क्षेत्र असून त्यात योगदान देण्याची माझी मनापासून इच्छा आहे. आपली ग्राहककेंद्री मूल्यं मला विशेष भावली. मी मेहनती असून नवीन गोष्टी लवकर आत्मसात करते. संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करेन.

यात चूक काही नाही, आणि हीच खरी अडचण आहे. शुद्धलेखन नीट, सूर नम्र, लांबी बेताची. घरातले, मित्रमैत्रिणी ‘छान झालंय’ म्हणतील. म्हणून हे पत्र कानाने तपासून चालत नाही, पेन हातात घ्यावा लागतो.

दोन रंगांची चाचणी

पत्राची छापील प्रत घ्या आणि दोन रंगांचे पेन. प्रत्येक वाक्यापाशी थांबून दोन प्रश्न विचारा. पहिला: हे वाक्य ज्याने हे जुनं काम केलेलं नाही अशा माणसाला लिहिता आलं असतं का? नसतं आलं, तर वाक्याखाली हिरवी रेघ. दुसरा: हे वाक्य जसंच्या तसं बँकेतल्या, हॉटेलातल्या किंवा शाळेतल्या नोकरीच्या अर्जात चाललं असतं का? नसतं चाललं, तर निळी रेघ.

वरच्या पत्रावर हे करून पाहा. ‘नर्सिंग क्षेत्रातील सहा वर्षांच्या’ एवढ्या शब्दांखाली हिरवी रेघ येते, आणि ती माहिती सीव्हीत आधीच आहे. ‘आरोग्य विमा’ या शब्दांमुळे एका वाक्याला निळी द्यावीशी वाटेल, पण ते क्षेत्र वाढतंय हे वर्तमानपत्र वाचणारा कोणीही लिहील, त्यातून या टेबलावरच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. बाकी पत्र कोरं राहतं. ‘आपली ग्राहककेंद्री मूल्यं’ हे वाक्य तर दुसऱ्या कंपनीचं नाव घालून त्याच दिवशी पाठवता येईल.

निर्णय रेघांच्या संख्येवर नसतो. एकाच वाक्याखाली दोन्ही रंग आले आहेत का, हे पाहायचं. नुसत्या हिरव्या रेघांचं पत्र म्हणजे जुन्या नोकरीचं वर्णन. ते वाचून ‘मग तिथेच का नाही राहत?’ असं वाटतं. नुसत्या निळ्या रेघांचं पत्र म्हणजे नव्या कंपनीचा अभ्यास. ते वाचून हुशारी दिसते, पात्रता दिसत नाही. दोन्ही रेघा असलेल्या वाक्यात जुनं काम आणि नवं काम ही एकच क्रिया म्हणून दिसतात, आणि क्षेत्र बदलणाऱ्याच्या पत्रात पटतं ते याच वाक्यामुळे. अशी दोन वाक्यं असली तरी पत्र उभं राहतं. एकही नसेल तर बाकीची भाषा कितीही सुधारली तरी फरक पडत नाही.

गुण काढा, कृती घाला

दोन रंगांचं वाक्य मिळत नाही याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. लिहिणाऱ्याने कृतीऐवजी गुणाचं नाव लिहिलेलं असतं. ‘बारकाईने काम करण्याची सवय’ हे नाव आहे. नावं सगळ्या क्षेत्रांत सारखीच असतात, म्हणून ‘हे कौशल्य तिथेही उपयोगी पडेल’ असं म्हणणं सोपं वाटतं आणि म्हणूनच ते कोणाला पटत नाही. अशा प्रत्येक नावापुढे लिहा: कोणता कागद? त्यावर काय पाहिलं? न जुळल्यास काय केलं?

नर्सच्या बाबतीत उत्तर असं येऊ शकतं. औषधांच्या तक्त्यावर एक इंजेक्शन दिवसातून दोनदा, चार दिवस दिलेलं आहे. एका वेळेला एक व्हायल, म्हणजे आठ व्हायल. फार्मसीच्या बिलात मात्र बारा आहेत. मग उरलेल्या चार परत गेल्या का, गेल्या असतील तर बिलातून वजा झाल्या का, हे डिस्चार्जच्या आधी पाहावं लागतं. आता आपण आधी काढलेली कामाची यादी बघा. ‘बिल आणि उपचार यांचा मेळ घालणं’ हे तिथे शब्दशः आहे. वॉर्डातली नर्स हे रुग्णाच्या उशाशी उभं राहून करते, तपासनीस ते स्क्रीनसमोर बसून करतो.

दुसरं उदाहरण याहून चांगलं आहे, कारण ते बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. वॉर्डात तीन शिफ्ट असतात, म्हणजे तापमान, नाडी, रक्तदाबाच्या तक्त्यावर दिवसभरात निदान दोन-तीन जणींची अक्षरं दिसायला हवीत. चार दिवसांचा तक्ता एकाच अक्षरात, एकाच पेनाने भरलेला असेल तर तो बहुधा नंतर बसून लिहिलेला आहे. फाईल तपासणाऱ्याला हे ओळखता येणं किती मोलाचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. पत्रात हे लिहिताना एक पथ्य मात्र पाळायचं: ‘आमच्या रुग्णालयात असं चालतं’ असा सूर कुठेही येऊ नये. जुन्या मालकाची उणीदुणी आणि रुग्णाची ओळख पटेल असा तपशील, दोन्ही पत्रात आले की वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो गोपनीयतेचा. विम्याच्या नोकरीत त्या विचाराला फार वजन असतं.

तपशील खरा आहे की सजावटीचा

इथपर्यंत आलेले बरेचजण पुढच्या खड्ड्यात पडतात. तपशील हवा म्हटल्यावर पत्रात आकडे आणि संज्ञा भरल्या जातात. ‘दररोज ३० रुग्णांची काळजी घेतली’, ‘रुग्णांचं समाधान ४० टक्क्यांनी वाढवलं’, ‘प्री-ऑथ, टॅट, आयसीडी-१० यांची सखोल माहिती’. रंगांच्या चाचणीत ही वाक्यं कदाचित पासही होतील. म्हणून दुसरी चाचणी लागते: प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे कसं?’ असा प्रश्न विचारून त्यावर दोन मिनिटं बोलता येतं का ते पाहायचं.

४० टक्के कोणी मोजले? कशाने? उत्तर नसेल तर आकडा काढा. ३० रुग्ण ही गर्दी आहे, त्यातून तपासणीच्या कामाबद्दल काही कळत नाही. आणि ‘खोलीभाड्याच्या मर्यादेची माहिती आहे’ असं लिहिलं असेल तर मुलाखतीत सरळ विचारलं जाऊ शकतं: मर्यादा ४,००० रुपये, रुग्णाने घेतली ५,००० रुपयांची खोली, काय होईल? प्रमाणात कपातीची अट असलेल्या पॉलिसीत खोलीभाड्याचे १,००० रुपये तर कापले जातातच, शिवाय खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या संलग्न खर्चाचेही ८० टक्केच मान्य होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. एवढं सांगता येत असेल तर वाक्य ठेवा. येत नसेल तर वाक्य खोटं नसलं तरी ते पत्रात राहू नये, कारण ते एक कोसळलं की शेजारच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो.

उलट्या दिशेची चूकही होते: जुन्या कामाला पदापेक्षा मोठं करून दाखवणं. ‘रुग्णांचं निदान करून उपचार ठरवले’ असं नर्सने लिहिलं तर वैद्यकीय पार्श्वभूमीचा वाचणारा तिथेच थबकतो. नोंद करणं, फरक लक्षात येणं, डॉक्टरांना वेळेत कळवणं हे तिचं खरं काम आहे, आणि या नोकरीला तेच हवं आहे.

मराठी माणसाला एक सोपा उपाय हाताशी आहे. इंग्रजी पत्र समोर ठेवा आणि त्यातला मजकूर एखाद्या नातेवाइकाला मराठीत तोंडी सांगा. जे वाक्य सांगताना जीभ अडखळते किंवा आपोआप गाळलं जातं, ते बहुतेक वेळा नमुन्यावरून उचललेलं असतं.

बदल का, आणि काय कमी आहे

बदलाचं कारण हा पत्राचा सर्वात नाजूक भाग. खरी कारणं अनेकदा रात्रपाळी, कंबरदुखी, पगार ही असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ती फक्त ‘इथून का जायचंय’ याचं उत्तर देतात. ‘तिकडे का’ याचं उत्तर देत नाहीत. रात्रपाळी नको म्हणून माणूस शाळेतही जाऊ शकतो. ‘मनापासून आवड’ हेही उत्तर नव्हे, ते तपासताच येत नाही. पटतं ते असं कारण, ज्याच्या मागे आधीच केलेली एखादी गोष्ट असते: वॉर्डात असतानाच डिस्चार्जची कागदपत्रं विमा डेस्ककडे पाठवण्याची जबाबदारी मागून घेतली, पॉलिसी वर्डिंग वाचून काढलं, एखादा अभ्यासक्रम पुरा केला. कारणाच्या वाक्यात भूतकाळातलं एक तरी क्रियापद सापडतं का ते पाहा. सगळी क्रियापदं ‘करेन’, ‘इच्छिते’, ‘ठरेल’ अशी असतील तर कारण अजून कच्चं आहे.

उणीव लपवलेलं पत्रही पटत नाही. वाचणाऱ्याला सीव्हीवरून ती दिसतच असते, पत्राने तिच्याकडे पाठ फिरवली की शंका वाढते. एकच उणीव, सर्वात मोठी, एका वाक्यात सांगायची आणि तिच्यासाठी काय केलं ते दुसऱ्या वाक्यात. ‘मला या क्षेत्राचा अनुभव नसला तरी’ अशी पत्राची सुरुवात करू नका. उणिवेची जागा तिसऱ्या परिच्छेदात, कृतीची वाक्यं होऊन गेल्यावर.

दुरुस्त मसुदा

> क्लेम तपासणी विभागातल्या जागेसाठी हा अर्ज. गेली सहा वर्षं मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. तुमचे तपासनीस ज्या इनडोअर केस पेपरवरून दावा पारखतात, ते पेपर मी रोज भरते. तीन शिफ्टच्या नोंदी वेळच्या वेळी भरलेला तक्ता आणि नंतर एका बैठकीत लिहिलेला तक्ता यांतला फरक मला ओळखता येतो.
>
> डिस्चार्जच्या आधी औषधांचा तक्ता आणि फार्मसीचं बिल यांचा मेळ घालणं हे वॉर्डात माझ्याकडे असतं. आठ व्हायल दिल्या आणि बिलात बारा असल्या तर परतीची नोंद शोधून बिल दुरुस्त झाल्याशिवाय कागद पुढे जात नाहीत. दोन वर्षांपूर्वी विमा डेस्ककडे कागदपत्रं पाठवण्याची जबाबदारीही मी मागून घेतली. आमच्याकडे वारंवार येणारी क्वेरी आजाराच्या कालावधीची होती: भरतीच्या नोंदीत मधुमेह पाच वर्षांपासून, डिस्चार्ज समरीत दोन वर्षांपासून. आता समरी सहीला जाण्याआधी मी या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहते आणि फरक असल्यास डॉक्टरांना दाखवते.
>
> पॉलिसीच्या अटी लावून निर्णय देण्याचा अनुभव मला नाही. त्यासाठी दोन कंपन्यांची पॉलिसी वर्डिंग वाचून प्रतीक्षा काळ आणि खोलीभाड्याची कपात यांची उदाहरणं सोडवली आहेत. कागद आणि उपचार यांचा मेळ घालण्याचं जे काम मी शिफ्टच्या उरलेल्या वेळात करत आले, तेच पूर्णवेळ करण्यासाठी हा अर्ज आहे.

पुन्हा दोन पेन घ्या. तक्ता ओळखण्याचं वाक्य, व्हायलचं वाक्य, मधुमेहाच्या कालावधीचं वाक्य, तिन्हींखाली दोन्ही रेघा येतात. मधुमेहाचं वाक्य मला सर्वात ताकदीचं वाटतं. आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसीत प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा दावा मान्य होत नाही, आणि २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. त्यामुळे ‘पाच वर्षं की दोन’ या एका फरकावर दावा अडू शकतो. अर्जदाराने प्रतीक्षा काळ म्हणजे काय ते समजावत बसण्याऐवजी तो कुठे चावतो ते दाखवलं आहे.

यात ‘संवादकौशल्य’ हा शब्द कुठेच नाही, पण डॉक्टरांना त्यांच्याच समरीतला फरक दाखवते हे वाचून ते कळतं. कंपनीची स्तुतीही नाही. ती घालायची असेल तर त्या कंपनीबद्दलचं एखादं ठोस, कामाशी जोडलेलं वाक्य हवं. नसेल तर स्तुतीवाचून अडत नाही. लांबी मूळ मसुद्यापेक्षा वाढली आहे, तरी एका पानात सहज बसते. इंग्रजीत २५० ते ३०० शब्दांच्या पुढे जाऊ नये.

आता हे पत्र काम न जाणणाऱ्या एकाला आणि ते काम करणाऱ्या एकाला वाचायला द्या. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर कौतुकच मिळतं. पत्र बाजूला ठेवायला सांगून विचारा: ‘मला हे काम जमेल असं कशावरून वाटलं?’ पहिल्याने व्हायल किंवा मधुमेहाचा उल्लेख केला तर पत्र पोचलं. ‘मेहनती वाटतेस’ असं उत्तर आलं तर पत्र अजून छापीलच आहे. काम करणारा माणूस वेगळी चूक पकडतो: चुकीच्या जागी वापरलेली संज्ञा, किंवा तपासनीस करतच नाही असं एखादं काम.

पत्र कितीही पटणारं झालं तरी अट ओलांडू शकत नाही. काही टीपीए तपासणीच्या पदासाठी बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीडीएस अनिवार्य ठेवतात. तिथे नर्सचा अर्ज पत्र उघडण्याआधीच बाजूला पडतो, आणि त्यावरून पत्र वाईट होतं असा निष्कर्ष काढू नये. जाहिरातीत पात्रतेसमोर ‘अनिवार्य’ लिहिलंय की ‘प्राधान्य’, हे आधी पाहा. ‘प्राधान्य’ असेल तिथे हे पत्र पाठवा. ‘अनिवार्य’ असेल तर त्याच संस्थेतली प्री-ऑथची, म्हणजे कॅशलेस उपचारांच्या पूर्वमंजुरीची, किंवा कागदपत्र तपासणीची जागा नर्सिंगसाठी खुली आहे का ते बघा, आणि कामाची यादी त्या जागेप्रमाणे नव्याने काढून पत्रातली दोन रंगांची वाक्यं त्यानुसार बदला.